दाबाखाली बर्फ किती अंशांनी आधी वितळतो?

काचेची बाटली पाण्याने काठोकाठ भरून, झाकण घट्ट लावून फ्रीझरमध्ये ठेवली तर ती फुटते. पाणी गोठताना फुगते आणि त्या फुगण्यात काच फोडण्याइतका जोर असतो. हा जोर एखादे वजन उचलण्यासाठी वापरला तर? दट्ट्या बसवलेल्या नळकांड्यात शून्य अंशाचे पाणी घ्यायचे, दट्ट्यावर ओझे ठेवायचे आणि पाणी गोठवायचे. बर्फ फुगेल, ओझे वर जाईल. मग ओझे बाजूला काढून बर्फ वितळवायचा, दट्ट्या खाली येईल आणि पुन्हा नवे ओझे उचलायला तयार होईल.

या साध्या यंत्रात एक मोठी अडचण दडलेली आहे आणि ती १८४०च्या दशकाच्या अखेरीस जेम्स थॉमसन या अभियंत्याच्या लक्षात आली. पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून ओळखला गेलेला विल्यम थॉमसन हा त्याचा धाकटा भाऊ. फ्रान्सच्या सादी कार्नोने १८२४मध्ये सांगितले होते की उष्णतेपासून सतत काम मिळवायचे असेल तर तापमानात फरक हवाच. एक जागा गरम आणि दुसरी त्याहून थंड असल्याशिवाय उष्णतेचे इंजिन चालत नाही. आपल्या बर्फाच्या यंत्रात मात्र पाणी गोठते शून्य अंशाला आणि बर्फ वितळतो तोही शून्य अंशालाच. तापमानात काहीच फरक नाही, तरी ओझी मात्र वर जात राहतात. असे यंत्र अस्तित्वात असूच शकत नाही.

जेम्स थॉमसनने यातून एकच वाट काढली. ओझ्याखाली दबलेले पाणी शून्य अंशाला गोठतच नसणार. त्याला गोठवायला शून्याच्या थोडे खाली जावे लागत असणार. म्हणजे दाब वाढला की बर्फाचा द्रवणांक उतरतो. तोवर हे कोणी मोजलेले नव्हते. १८४९मध्ये त्याने निव्वळ तर्काने हा निष्कर्ष मांडला आणि किती अंशांनी उतरेल याचा आकडाही दिला.

दोन राशींतून निघणारा उतार

हा आकडा कसा निघतो ते आपण त्याच यंत्रावरून पाहू. नळकांड्यात १ किलो पाणी आहे असे धरू. साध्या दाबाखाली बर्फ T तापमानाला वितळतो. तो वितळताना L इतकी उष्णता शोषून घेतो. हाच शाळेत शिकलेला विलयनाचा अप्रकट उष्मा. बर्फासाठी तो किलोमागे सुमारे ३,३४,००० ज्यूल आहे. ही उष्णता तापमान वाढवत नाही, ती फक्त बर्फातली रेणूंची बांधणी मोडण्यात खर्च होते.

आता दट्ट्यावर ओझे ठेवून दाब ΔP इतका वाढवला. या वाढीव दाबाखाली पाणी ΔT इतक्या कमी तापमानाला गोठते. गोठताना त्याचे आकारमान Δv इतके वाढते आणि वाढीव ओझे तेवढे वर ढकलले जाते. एका फेरीत मिळालेले निव्वळ काम म्हणजे वाढीव दाब गुणिले आकारमानातला बदल, ΔP × Δv.

आत घेतलेली उष्णता L आणि मिळालेले काम ΔP × Δv. कार्नोचा नियम असा की आदर्श इंजिनात काम आणि घेतलेली उष्णता यांचे गुणोत्तर तापमानातला फरक भागिले वरचे तापमान इतकेच असते. हे तापमान केल्व्हिनमध्ये मोजायचे. म्हणून

ΔP × Δv / L = ΔT / T

आणि हेच उलटून मांडले की आलेखावरच्या रेषेचा उतार मिळतो:

dP/dT = L / (T × Δv)

हे क्लॅपेरॉनचे समीकरण. एमिल क्लॅपेरॉन हा फ्रेंच अभियंता. कार्नोचे विस्मरणात गेलेले विचार त्याने १८३४मध्ये आलेख आणि गणिताच्या भाषेत मांडले आणि त्यातून या प्रकारचे नाते पुढे आले. जर्मनीच्या रुडॉल्फ क्लाउसियसने १८५०पासून उष्णताशास्त्राचा पाया नीट रचला, म्हणून दोघांचे नाव जोडूनही हे समीकरण ओळखले जाते.

आलेख डोळ्यांपुढे आणायचा तर आडव्या अक्षावर तापमान आणि उभ्या अक्षावर दाब घ्या. घन आणि द्रव अवस्थांच्या मधून एक रेषा जाते. त्या रेषेवर दोन्ही अवस्था शेजारी शेजारी सुखाने राहतात. रेषेच्या डावीकडे घन, उजवीकडे द्रव. ही रेषा किती खडी चढते आणि कोणत्या बाजूला कलते, हे वरचे समीकरण सांगते. अप्रकट उष्मा आणि तापमान नेहमी धन असतात. म्हणून रेषेचा कल ठरवतो तो एकटा Δv. पदार्थ वितळताना फुगत असेल तर Δv धन, रेषा उजवीकडे कलते, दाबाने द्रवणांक वाढतो. वितळताना आकसत असेल तर Δv ऋण, रेषा डावीकडे कलते, दाबाने द्रवणांक घटतो. बहुतेक पदार्थ पहिल्या गटातले आहेत. बर्फ दुसऱ्या गटातला आहे, कारण त्याच्या स्फटिकातले रेणू मोकळी जागा सोडून बसलेले असतात आणि वितळल्यावर ते अधिक दाटीने येतात.

प्रत्यक्ष आकडे

आता बर्फासाठी गणित करू. शून्य अंशाला १ घनमीटर बर्फाचे वस्तुमान ९१६.७ किलो भरते आणि तेवढ्याच पाण्याचे ९९९.८ किलो. यावरून १ किलो बर्फ सुमारे १,०९०.९ मिलिलिटर जागा घेतो आणि १ किलो पाणी १,०००.२ मिलिलिटर. म्हणजे वितळताना किलोमागे ९०.७ मिलिलिटर जागा कमी होते. घनमीटरमध्ये हा बदल ०.००००९०७ इतका आणि त्याचे चिन्ह ऋण.

तापमान २७३.१५ केल्व्हिन. या तापमानाला आकारमानातल्या बदलाने गुणले की ०.०२४७७ येतात. अप्रकट उष्मा ३,३४,००० ज्यूल, त्याला या संख्येने भागले की सुमारे १,३४,८०,००० पास्कल मिळतात. चिन्ह ऋण. म्हणजे उतार उणे १३.४८ मेगापास्कल दर अंशाला. साध्या शब्दांत, बर्फाचा द्रवणांक एका अंशाने खाली आणायला वातावरणाच्या दाबाच्या सुमारे १३३ पट दाब वाढवावा लागतो. उलट बाजूने पाहिले तर एका वातावरणाइतक्या दाबाने द्रवणांक फक्त ०.००७५ अंश सेल्सिअसने उतरतो.

आपण निष्कर्षाची भाषा आधुनिक वापरली. केल्व्हिनची मापनश्रेणी त्या वेळी आजच्या रूपात पक्की झालेली नव्हती आणि जेम्स थॉमसनला वाफेवरच्या मोजमापांचा आधार घेऊन हिशेब करावा लागला. तरीही त्याचे उत्तर हेच होते, दर वातावरणाला ०.००७५ अंश.

इतका बारीक फरक मोजायचा कसा? हे काम विल्यम थॉमसनने अंगावर घेतले. जाड काचेच्या भांड्यात त्याने पाणी आणि स्वच्छ बर्फाचे तुकडे भरले आणि वरून स्क्रूच्या दट्ट्याने दाब दिला. पाऱ्याचा साधा तापमापक इथे पुरेसा नव्हता. ईथर हे द्रव पाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त प्रसरण पावते, म्हणून त्याने ईथर भरलेला अतिशय संवेदनशील तापमापक वापरला. तो काचेच्या दुसऱ्या नळीत बंद केलेला होता. तसे केले नसते तर दाबाने तापमापकाचा फुगाच चेपला गेला असता, ईथर वर चढले असते आणि तापमान उतरत असताना वाढल्याचा भास झाला असता.

१८५०मध्ये त्याने निकाल जाहीर केले. ८.१ वातावरण दाबाला द्रवणांक ०.१०६ अंश फॅरेनहाइटने उतरला होता, तर १६.८ वातावरणाला ०.२३२ अंशाने. आपल्या उताराने दुसरा आकडा तपासू. १६.८ गुणिले ०.००७५२ म्हणजे ०.१२६ अंश सेल्सिअस. १.८ने गुणून फॅरेनहाइटमध्ये नेले की ०.२२७ अंश. तर्काने ०.२२७, मोजून ०.२३२. पहिल्या मोजमापातही फरक असाच अंशाच्या काही सहस्रांशांचा आहे. दोन भावांपैकी एकाने केलेले भाकीत दुसऱ्याने असे प्रयोगाने खरे करून दाखवले.

गणित सोडवताना चूक होते ती बहुधा तीन जागी. तापमान सेल्सिअसमध्ये ठेवले तर बर्फासाठी T शून्य होतो आणि फरकही शून्य येतो. अप्रकट उष्मा किलोज्यूलमध्ये ठेवून दाब पास्कलमध्ये घेतला तर उत्तर हजार पट मोठे होते आणि एका वातावरणाने साडेसात अंशांचा फरक दिसू लागतो. तिसरी चूक म्हणजे द्रवाच्या आकारमानातून घनाचे वजा करण्याऐवजी उलटे करणे. त्यामुळे चिन्ह बदलते आणि बर्फ दाबाने घट्ट होतो असे निघते. ही शेवटची चूक ओळखायला बर्फ पाण्यावर तरंगतो एवढे आठवले तरी पुरे.

उत्तर बरोबर आले का हे पडताळायला महाबळेश्वर उपयोगी पडते. तिथे हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा सुमारे १५ टक्क्यांनी कमी असतो. त्यामुळे पाणी चार-साडेचार अंश आधीच उकळते, कारण वाफ होताना आकारमान हजारपटींहून जास्त वाढते आणि मोठा Δv म्हणजे दाबाला मोठा प्रतिसाद. बर्फाचा द्रवणांक मात्र तिथे अंशाच्या जेमतेम एका सहस्रांशाने वर सरकतो. दोन्हींचे समीकरण एकच आहे, फरक फक्त Δv आणि L यांच्या आकड्यांचा.

तारेचा प्रयोग नीट समजून

शालेय पुस्तकात पुनर्हिमायनाचा प्रयोग असतो. बर्फाच्या लादीवर बारीक तार टाकून तिच्या दोन्ही टोकांना वजने बांधायची. तार बर्फातून हळूहळू खाली उतरते आणि पार निघून जाते, पण लादी अखंडच राहते. स्पष्टीकरण असे दिले जाते की तारेखाली दाबामुळे बर्फ वितळतो आणि तार पुढे गेल्यावर वरचे पाणी पुन्हा गोठते.

हे खरे आहे, पण आकडे घातले तर त्याच्या मर्यादा दिसतात. समजा, लादी १० सेंटिमीटर रुंद आहे, तार अर्धा मिलिमीटर जाडीची आणि एकूण वजन १० किलो. तारेखालचे क्षेत्रफळ ५० चौरस मिलिमीटर, त्यावर ९८ न्यूटन बल. दाब सुमारे १.९६ मेगापास्कल. त्याला १३.४८ने भागले की द्रवणांक उतरतो जेमतेम ०.१५ अंशाने. म्हणजे लादी शून्याच्या अगदी जवळ असेल तरच तार आत शिरेल. उणे १८ अंशांच्या फ्रीझरमधून नुकतीच काढलेली लादी असेल तर तार तशीच वर बसून राहील आणि बर्फ शून्यापर्यंत तापल्यावरच सरकू लागेल. प्रयोग फसला असे वाटते तेव्हा बहुधा बर्फ अजून पुरेसा तापलेला नसतो.

दुसरी गोष्ट अप्रकट उष्म्याची. तारेखाली बर्फ वितळायला उष्णता हवी आणि ती येते तारेच्या वरून. तिथे पाणी गोठताना तीच उष्णता बाहेर पडते आणि तारेतून खाली झिरपते. म्हणून तांब्याची तार भराभर उतरते आणि त्याच जाडीचा नायलॉनचा दोरा फार सावकाश. दोन्हींखालचा दाब सारखा, द्रवणांकही सारखाच उतरलेला. तो किती उतरणार हे समीकरण ठरवते. तार किती वेगाने जाणार हे मात्र उष्णता किती सहज वाहते यावर अवलंबून असते, आणि ते या समीकरणात नाही.

पावणेचार किलोमीटर बर्फाखाली

तारेखाली जो फरक दीड दशांश अंशाचा आहे, तो निसर्गात मोठा होतो कारण निसर्गाजवळ वजन भरपूर आहे. अंटार्क्टिकाच्या पूर्व भागात रशियाचे व्होस्टोक हे ठाणे आहे. तिथे २१ जुलै १९८३ रोजी उणे ८९.२ अंश तापमान नोंदले गेले. या ठाण्याच्या खाली, पावणेचार किलोमीटर बर्फाच्या तळाशी, द्रव पाण्याचे विशाल सरोवर आहे. फेब्रुवारी २०१२मध्ये रशियन शास्त्रज्ञांचे छिद्र ३,७६९ मीटर खोलीवर या पाण्याला जाऊन भिडले.

त्या खोलीवरचा दाब काढू. बर्फाची घनता ९१७, गुरुत्वीय त्वरण ९.८ आणि खोली ३,७६९ मीटर. गुणाकार सुमारे ३.३९ कोटी पास्कल, म्हणजे ३३.९ मेगापास्कल. त्याला १३.४८ने भागले की २.५ अंश. म्हणजे तिथे शुद्ध पाणी उणे अडीच अंशाला गोठेल. बर्फात हवेचे बुडबुडे अडकलेले असतात. वितळल्यावर ती हवा पाण्यात विरघळते आणि गोठणबिंदू आणखी थोडा खाली ओढते. म्हणून सरोवराचे तापमान उणे तीनच्या आसपास धरले जाते.

पृष्ठभागावर इतकी थंडी असताना तळाशी उणे तीन का? कारण पृथ्वीच्या पोटातून थोडी थोडी उष्णता सतत वर येते आणि एवढा जाड बर्फ ती सहज निसटू देत नाही. तळाचा बर्फ हळूहळू तापतो. तो तापत तापत नेमका किती अंशांना थांबणार आणि वितळू लागणार, हे मात्र दाब ठरवतो.

रेषा सरळ राहते कुठवर?

आपण आतापर्यंत उतार स्थिर धरला. व्होस्टोकच्या दाबापर्यंत ते चालून जाते. पण आणखी पुढे गेले तर हिशेब चुकू लागतो. सुमारे २१० मेगापास्कल दाबाला आपली सरळ रेषा द्रवणांक उणे १५.६ अंश सांगते. प्रत्यक्षात तो उणे २२ अंश असतो. कारण L आणि Δv हे स्थिर आकडे नाहीत. पाणी बर्फापेक्षा जास्त चेपले जाते, म्हणून दाब वाढेल तसा आकारमानातला फरक वाढतो. शिवाय तापमान उतरेल तसा अप्रकट उष्मा घटतो. दोन्ही बदल एकाच दिशेने काम करतात आणि दर मेगापास्कलला द्रवणांक अधिकाधिक उतरत जातो. समीकरण चुकत नाही. त्यात त्या त्या जागचे आकडे घालायला हवेत, शून्य अंशाचे नव्हेत.

याच उणे २२ अंशांच्या ठिकाणी आणखी एक बदल घडतो. त्यापुढे आपल्या ओळखीचा बर्फ टिकत नाही. त्याची जागा बर्फाचा वेगळा प्रकार घेतो, ज्यात रेणू अधिक दाटीने बसतात. तो पाण्यापेक्षा जड असतो आणि पाण्यात बुडतो. गुस्ताफ टामानने १९००च्या सुमारास असे प्रकार शोधले आणि अमेरिकेच्या पर्सी ब्रिजमनने १९१२मध्ये आणखी वरच्या दाबांचे नकाशे रेखले. ब्रिजमनला १९४६मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले ते उच्च दाबाच्या अभ्यासासाठीच. जड बर्फ वितळताना फुगतो, म्हणजे Δvचे चिन्ह पालटले. त्याबरोबर रेषाही डावीकडून उजवीकडे वळते. वातावरणाच्या वीस हजारपट दाबापलीकडे तर बर्फ ८० अंश सेल्सिअसलाही घन राहतो. पदार्थ तोच, रेणू तेच, पण घनता बदलली आणि उताराची दिशा बदलली.

सह्याद्रीचा कातळ

उजवीकडे कललेल्या रेषेचे सर्वांत मोठे उदाहरण महाराष्ट्राच्या पायाखाली आहे. पृथ्वीच्या प्रावरणातला खडक वितळताना फुगतो. म्हणून खोल दाबाखाली त्याचा द्रवणांक वाढलेला असतो, साधारण दर किलोमीटर खोलीला तीन-चार अंशांनी. हा खडक अनेक खनिजांचा बनलेला असल्याने एका नेमक्या तापमानाला न वितळता टप्प्याटप्प्याने वितळतो आणि एका पदार्थाचा साधा हिशेब त्याला जसाच्या तसा लावता येत नाही, पण कल तोच राहतो. त्यामुळे खोलवर हजार अंशांहून कितीतरी तप्त असूनही हा खडक घनच असतो.

आता असा तप्त खडक हळूहळू वर सरकू लागला तर काय होईल? वर येताना तो फुगतो आणि किंचित थंड होतो, पण किलोमीटरमागे फक्त अर्ध्या अंशाने किंवा त्याहूनही कमी. त्याचा द्रवणांक मात्र तीन-चार अंशांनी उतरत जातो. एका टप्प्यावर उतरणारा द्रवणांक खडकाच्या तापमानाला गाठतो आणि खडक वितळू लागतो. बाहेरून उष्णता देण्याची गरज पडत नाही. दाब कमी होणे पुरेसे असते. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर थरांवर थर लाव्हा ओतला गेला, त्याच्या मागे मुख्यतः हीच प्रक्रिया होती. रायगड, राजगड, अजिंठ्याची लेणी हे सारे त्या थिजलेल्या बेसॉल्टमध्ये आहे.

बर्फ दाब वाढल्याने वितळतो आणि प्रावरणाचा खडक दाब घटल्याने. या दोन उलट वाटणाऱ्या घटनांसाठी दोन वेगळे नियम लागत नाहीत. वितळायला किती उष्णता लागते आणि वितळताना जागा किती बदलते, एवढे दोन आकडे माहीत असले की कोणत्याही पदार्थाच्या रेषेचा उतार काढता येतो. त्यातही दुसऱ्या आकड्याचे चिन्ह सर्वांत आधी पाहावे. पदार्थाचा घन तुकडा त्याच्याच द्रवात तरंगतो की बुडतो, इतके पाहिले तरी दाबाने त्याचा द्रवणांक कोणत्या दिशेला सरकणार ते कळते.